डब्यातल्या कॅलरी पातेल्यात मोजायच्या असतात

माझ्या डब्यांवर पहिलं पोषणकार्ड लावलं त्याच दुपारी एका काकूंचा फोन आला. त्यांचे यजमान जेवणाआधी इन्सुलिन घेतात आणि ताटात किती कर्बोदकं आहेत ते बघून मात्रा ठरवतात. काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्या कार्डावर एवढ्याशा भाताला ८६ ग्रॅम कार्ब लिहिलेत. हे कसं शक्य आहे? वाटीभर भात आहे तो."

त्यांचं बरोबर होतं. मी डब्यातला भात काट्यावर ठेवला होता, ११० ग्रॅम भरला होता, आणि एका मोबाइल अ‍ॅपमध्ये 'तांदूळ, ११० ग्रॅम' असं टाकून आलेले आकडे कार्डावर उतरवले होते. ते आकडे कच्च्या तांदळाचे होते. डब्यात होता शिजलेला भात, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. खरी कर्बोदकं होती ३० ग्रॅमच्या आसपास. काकूंना वर्षानुवर्षांचा सराव होता म्हणून एका नजरेत चूक सापडली. त्यांनी कार्डावर विश्वास ठेवून इन्सुलिनची मात्रा वाढवली असती तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी सगळी कार्डं परत मागवली आणि सगळं पहिल्यापासून मोजायला बसले.

ती मोजणी कशी करायची ते इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरणाला माझा मंगळवारचा डबा घेते: तीन पोळ्या, मटकीची उसळ, साधं वरण, भात आणि काकडीची कोशिंबीर. एकूण वीस डबे.

आधी पद्धत नीट समजून घ्या

घरगुती डब्याचे आकडे काढायचा एकच भरवशाचा मार्ग आहे. पातेल्यात कच्चं जे जे गेलं त्याचं वजन करायचं, त्यावरून अख्ख्या पातेल्याच्या कॅलरी काढायच्या, मग शिजलेल्या पदार्थाचं वजन करायचं, आणि त्यातलं किती डब्यात गेलं त्या हिशेबाने वाटणी करायची. पदार्थ शिजताना पाणी शोषतो किंवा आटतो, वजन वाढतं किंवा घटतं, पण पाण्याला कॅलरी नाहीत. कच्च्या मालात जेवढ्या होत्या, तेवढ्याच पातेल्यात राहतात.

म्हणून प्रत्येक पदार्थाची तीन वजनं लागतात: कच्चं, शिजलेलं आणि डब्यातलं. यातलं मधलं वजन बहुतेक जण करतच नाहीत. कच्च्या मालाला सरळ डब्यांच्या संख्येने भागतात. पण पातेल्यातलं सगळं काही डब्यांत जात नाही. आपल्या घरच्यांसाठी थोडं उरतं, तळाला थोडं चिकटतं, कधी एखादा डबा जास्तीचा निघतो. मधलं वजन असलं की या सगळ्याचा हिशेब आपोआप लागतो.

काटा आणि पातेलं

दोन काटे घ्या. एक दहा किलोपर्यंतचा, पातेलं ठेवता येईल असा. दुसरा छोटा, तेल, कूट, गूळ यांच्यासाठी. काटा बरोबर आहे का हे बघायला मिठाचं न उघडलेलं एक किलोचं पाकीट ठेवा. पाकिटाचं वजन धरून एक हजारापेक्षा थोडं जास्त दाखवलं पाहिजे. कमी दाखवत असेल तर सेल बदलून पुन्हा बघा.

रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच करून ते कानाखाली ऑइल पेंटने लिहून टाका. माझ्या उसळीच्या पातेल्यावर '१४२०' असं लिहिलेलं आहे. झाकण आणि डाव बाहेर काढून पातेलं काट्यावर ठेवायचं आणि आलेल्या आकड्यातून १४२० वजा करायचे. गरम पातेलं मात्र थेट काट्यावर ठेवू नका. मी आधी काट्यावर पोळपाट उपडा ठेवते, काटा शून्यावर आणते आणि मग त्यावर पातेलं ठेवते. आच थेट लागली की काट्यावरचा आकडा सरकत राहतो, स्थिर होतच नाही. वाफेने आकड्यांची काच धूसर झाली तर पुसून पुन्हा वाचायचं. घाईत ३ आणि ८ यांची गल्लत होते.

आकडे कुठून घ्यायचे

कच्च्या मालाच्या शंभर ग्रॅममध्ये काय असतं यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते वापरा. 'इंडियन फूड कंपोझिशन टेबल्स' या नावाने ते २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात ५२८ पदार्थ आहेत आणि नमुने देशाच्या वेगवेगळ्या भागांतून गोळा केलेले आहेत. मटकी, तूर डाळ, कणीक, ओलं खोबरं, गूळ असं आपलं बहुतेक सगळं त्यात सापडतं.

तक्ते वापरताना दोन ठिकाणी अडखळायला होतं. पहिलं म्हणजे त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. तिला ४.१८४ ने भागलं की किलोकॅलरी मिळतात. कणकेचा आकडा १३४० आहे, भागल्यावर ३२० येतात. आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती ही किलोकॅलरीच. दुसरं म्हणजे या तक्त्यांत कर्बोदकं आणि चोथा वेगळे दाखवलेले आहेत. बऱ्याच पाकिटांवर कर्बोदकांच्या आकड्यात चोथाही धरलेला असतो, त्यामुळे पाकिटावरचा आकडा मोठा दिसतो. याच संस्थेच्या जुन्या तक्त्यात कणकेला ३४१ किलोकॅलरी आहेत, नव्यात ३२०. कोणताही एक आधार धरा आणि सगळे पदार्थ त्यावरूनच काढा. तांदूळ एका ठिकाणचा, डाळ दुसऱ्या ठिकाणची असं केलं की बेरीज कशाचीच राहत नाही.

आमच्या मंगळवारच्या डब्याला लागणारे मुख्य आकडे, शंभर ग्रॅम कच्च्या मालाचे, असे:

- कणीक: ३२० किलोकॅलरी, प्रथिनं १०.६, कर्बोदकं ६४.२, स्निग्ध १.५, चोथा ११.४
- तांदूळ: ३५६ किलोकॅलरी, प्रथिनं ७.९, कर्बोदकं ७८.२, स्निग्ध ०.५, चोथा २.८
- तूर डाळ: ३३१ किलोकॅलरी, प्रथिनं २१.७, कर्बोदकं ५५.२, स्निग्ध १.६, चोथा ९.१
- मटकी: ३०९ किलोकॅलरी, प्रथिनं १९.८, कर्बोदकं ५२.१, स्निग्ध १.८, चोथा १५.१
- तेल: ९०० किलोकॅलरी, सगळं स्निग्ध

पोळी: सगळ्यात जास्त चुका इथेच

'एका पोळीत ७० कॅलरी' हे वाक्य सगळीकडे फिरतं. कोणाची पोळी, केवढी, घडीची की फुलका, हे त्यात कोणी सांगत नाही. माझी घडीची पोळी ११० किलोकॅलरीची निघाली.

तुमची पोळी मोजायची असेल तर एक पोळी काट्यावर ठेवू नका. अख्ख्या घाण्याचा हिशेब करा. कणीक मळायच्या आधी पिठाचा डबा तोला. पोळ्या झाल्यावर, उरलेली पिठी परत डब्यात टाकून, डबा पुन्हा तोला. जो फरक येईल तेवढं पीठ गेलं. लाटताना लावलेली पिठीही त्यात आली. तेलाचंही तसंच: मोहन, घडीत लावायचं आणि वरून फिरवायचं तेल एकाच बरणीतून घ्या आणि बरणी आधी-नंतर तोला. चमच्यांनी मोजायला जाऊ नका. साठ पोळ्या लाटताना प्रत्येक घडीत किती तेल गेलं हे कोणाच्याच लक्षात राहत नाही, बरणीला मात्र सगळं माहीत असतं.

माझ्या साठ पोळ्यांना १५६० ग्रॅम पीठ आणि १८० ग्रॅम तेल गेलं. म्हणजे एका पोळीला २६ ग्रॅम पीठ आणि ३ ग्रॅम तेल. पिठाचे ८३ आणि तेलाचे २७ मिळून ११०. एका पोळीत कर्बोदकं १७ ग्रॅम, तीन पोळ्यांत ५०. तीन पोळ्यांची प्रथिनं ८.२, स्निग्ध १०.२ आणि चोथा ८.९ ग्रॅम.

सरासरीला अर्थ तेव्हाच, जेव्हा उंडे एकसारखे असतात. माझ्याकडे पोळ्यांना ज्या ताई येतात त्यांचा हात इतका बसलेला आहे की दहा उंडे तोलले तर दोन-तीन ग्रॅमचाच फरक निघतो. त्या सुट्टीवर गेल्या आणि मी स्वतः लाटायला बसले तेव्हा माझे उंडे ३५ पासून ४८ ग्रॅमपर्यंत गेले. तुमचं तसं होत असेल तर आधी उंडे तोलून करायची सवय लावा, मग कार्डाकडे वळा.

उसळ: अख्खं गणित एका पातेल्याचं

मटकी भिजवायच्या आधी, कोरडी असताना तोला. मोड आल्यावर ती दुपटीहून जड होते आणि ते वजन धरलं तर आकडे फुगतात. कांदा सोलून, चिरून झाल्यावर तोला, सालांसकट नको.

मंगळवारी पातेल्यात गेलं ते असं: कोरडी मटकी ७०० ग्रॅम, कांदा ३००, ओलं खोबरं १००, तेल १२०, गूळ ३०. गोडा मसाला, हळद, तिखट, कोथिंबीर मी तोलत नाही. वीस डब्यांत मिळून मसाला ३० ग्रॅमच्या आत असतो, एका डब्याला पाच-सहा किलोकॅलरी फार तर. पालेभाजी, काकडी, टोमॅटो यांचंही तसंच, पाचपन्नास ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी बेरीज हलत नाही. सगळी मेहनत तेल, खोबरं, कूट, डाळी, पीठ आणि तांदूळ यांच्यावर खर्च करा.

मटकीचे २१६३, कांद्याचे १४४, खोबऱ्याचे ४०९, तेलाचे १०८० आणि गुळाचे १०६. पातेल्याची बेरीज झाली ३९०२ किलोकॅलरी. उसळ तयार झाल्यावर पातेलं तोललं, पातेल्याचं वजन वजा केलं, उसळ भरली ३३०० ग्रॅम. डब्यात १५० ग्रॅम जाते. म्हणून ३९०२ ला ३३०० ने भागून १५० ने गुणलं: १७७ किलोकॅलरी.

इथेच वीसने भागलं असतं तर १९५ आले असते. फरक त्या तीनशे ग्रॅमचा, जी उसळ आमच्याच घरी रात्री पावाबरोबर खाल्ली गेली.

याच पद्धतीने पातेल्यातली प्रथिनं, कर्बोदकं आणि स्निग्ध वेगवेगळं काढायचं. उसळीला आले ६.७ ग्रॅम प्रथिनं, १९.३ कर्बोदकं, ७.९ स्निग्ध आणि ५.६ चोथा. संगणकावर किंवा मोबाइलवर स्प्रेडशीट वापरत असाल तर पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात ग्रॅम, तिसऱ्यात शंभर ग्रॅमच्या कॅलरी लिहा. खाली `B10` मध्ये डब्यातलं वजन आणि `B11` मध्ये शिजलेल्या पदार्थाचं वजन ठेवा. मग एवढं एकच सूत्र पुरतं:

```
=SUMPRODUCT(B2:B6,C2:C6)/100*B10/B11
```

प्रथिनं, कर्बोदकं यांच्यासाठी पुढचे रकाने वाढवून `C` च्या जागी `D`, `E` करत जायचं.

वरणात पाणी किती, हे रोज बदलतं

वरणाची अडचण वेगळी आहे. डाळ तेवढीच असली तरी एक दिवस ते घट्ट होतं, दुसऱ्या दिवशी पातळ. डाव तोच, पण डाळ कमी-जास्त जाते. यावर मी एक साधा उपाय केला आहे. ५०० ग्रॅम तूर डाळीचं वरण नेहमी २५०० ग्रॅमच करायचं. डाळ शिजवून घोटली, मीठ-हळद-हिंग घातलं की पातेलं काट्यावर ठेवायचं आणि २५०० भरेपर्यंत गरम पाणी घालायचं. मग एक उकळी. त्यामुळे कार्डावरचा वरणाचा आकडा बदलत नाही आणि चवही रोज तीच राहते, हा फायदा मला नंतर कळला.

डब्यात १२० ग्रॅम वरण जातं: ७९ किलोकॅलरी, प्रथिनं ५.२, कर्बोदकं १३.३, स्निग्ध अर्ध्या ग्रॅमहून कमी, चोथा २.२.

भाताचं गणित सोपं आहे. ८०० ग्रॅम तांदळाचा २३०० ग्रॅम भात झाला, डब्यात ११० ग्रॅम गेला. १३६ किलोकॅलरी, प्रथिनं ३, कर्बोदकं ३०. काकूंनी विचारलेला तो हाच भात. तांदूळ बदलला, जुन्याऐवजी नवा आला, की तो पाणी कमी-जास्त पितो, म्हणून नवीन पोतं उघडलं की शिजलेल्या भाताचं वजन पुन्हा एकदा करायचं. भात ओसवून पेज काढत असाल तर थोडा पिष्ठांश पेजेबरोबर जातो आणि आकडे किंचित जास्तीचे येतात, हे लक्षात असू द्या.

कोशिंबिरीत डब्यामागे साधारण ५० ग्रॅम काकडी, ५ ग्रॅम दाण्याचं कूट आणि १ ग्रॅम फोडणीचं तेल. एकूण ४५ किलोकॅलरी. त्यातल्या काकडीच्या दहाच, बाकी कूट आणि तेल. स्निग्ध ३.१, प्रथिनं १.६, कर्बोदकं २.६, चोथा १.६. दह्यातली कोशिंबीर असेल तर तक्त्यात दही शोधू नका, तिथे ते नाही. जेवढ्या दुधाचं विरजण लावलं त्या दुधाचा आकडा धरा.

डाव भरतो किती?

आतापर्यंतचं सगळं बरोबर असूनही डबा भरताना आकडा बिघडू शकतो. मी एकदा भरलेले सगळे डबे, म्हणजे त्यातले उसळीचे कप्पे, तोलून पाहिले. पहिल्या डब्यात १२८ ग्रॅम होती, शेवटच्यात १७१. डाव तोच, हात तोच. कारण असं की सुरुवातीला पातेलं भरलेलं असतं, डाव वरच्यावर भरतो आणि रस्सा जास्त येतो. शेवटी तळाची मटकी खरवडून वाढली जाते आणि ती दाट, जड असते. म्हणजे शेवटच्या डब्याला नुसतं वजन नाही, मटकीही जास्त गेली होती. वजन सारखं केलं तरी हा दुसरा फरक राहतोच.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही लागतात. प्रत्येक चार डब्यांनंतर पातेलं तळापासून ढवळायचं. आणि उसळीचा कप्पा डाव बघून भरायचा नाही, काटा बघून भरायचा. रिकामा कप्पा ठेवायचा, शून्य करायचं, १५० ला थांबायचं. सुरुवातीला वीस डब्यांना दहा मिनिटं जास्त लागली. दोन आठवड्यांत हात इतका बसला की आता मी दर पाचवा डबाच तोलते. १५० च्या पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे चालतं. त्याहून जास्त फरक दिसला की पुन्हा सगळे तोलायचे.

बेरीज आणि ताळा

मंगळवारच्या डब्याची बेरीज झाली ७६७ किलोकॅलरी, प्रथिनं २४.७ ग्रॅम, कर्बोदकं ११५.१, स्निग्ध २१.८, चोथा १९.४.

कार्ड छापायच्या आधी एक ताळा नक्की करा. प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४, कर्बोदकांच्या एका ग्रॅमला ४ आणि स्निग्धाच्या एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी. माझ्या आकड्यांनी ९९, ४६० आणि १९६ मिळून ७५५ आले. ७६७ च्या जवळच, बाराचा फरक हा दशांश आणि गुणकांचा. ताळ्यात पन्नास-शंभराचा फरक दिसला तर कुठेतरी वजन किंवा रकाना चुकला आहे. बहुतेक वेळा कच्च्या-शिजलेल्याची गल्लत किंवा सुटलेलं तेल सापडतं. या डब्यात तेल साडेपंधरा ग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ १४० किलोकॅलरी. तेल मोजायचं राहिलं तर कार्ड १८ टक्के खोटं ठरतं, आणि जेवणाराला ते कधीच कळत नाही.

तळणीचा पदार्थ असेल, समजा शुक्रवारी कोथिंबीर वडी, तर कढईतलं तेल तळायच्या आधी तोला, आणि थंड झाल्यावर, गाळ काढून, पुन्हा तोला. फरक वड्यांनी प्यायला असं धरायचं. थोडं झाऱ्याला आणि कागदाला लागतं, पण ते वड्यांच्या खात्यात गेलं तरी हरकत नाही. आकडा थोडा जास्त असलेला चालेल, कमी नको.

कार्डावर काय लिहायचं

माझं कार्ड पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं आहे आणि त्यावर पदार्थवार ओळी आहेत. आधी मी फक्त संपूर्ण डब्याचे आकडे देत होते. पण कोणी भात सोडतं, कोणी दोनच पोळ्या खातं. त्यांना एकूण आकड्याचा उपयोग नाही, त्यांना वजा करता आलं पाहिजे. पोळीची ओळ तर मी एका पोळीचीच ठेवते.

मंगळवार, मटकी उसळ
- पोळी, एक: ११० किलोकॅलरी, कर्बोदकं १७ ग्रॅम, प्रथिनं ३, स्निग्ध ३
- उसळ, १५० ग्रॅम: १७५ किलोकॅलरी, कर्बोदकं १९, प्रथिनं ७, स्निग्ध ८
- वरण, १२० ग्रॅम: ८० किलोकॅलरी, कर्बोदकं १३, प्रथिनं ५, स्निग्ध अगदी थोडं
- भात, ११० ग्रॅम: १३५ किलोकॅलरी, कर्बोदकं ३०, प्रथिनं ३, स्निग्ध अगदी थोडं
- कोशिंबीर: ४५ किलोकॅलरी, कर्बोदकं ३, प्रथिनं २, स्निग्ध ३
- पूर्ण डबा, तीन पोळ्यांसह: सुमारे ७६५ किलोकॅलरी, कर्बोदकं ११५, प्रथिनं २५, स्निग्ध २२, चोथा १९
- यात आहे: गहू, शेंगदाणे, खोबरं, हिंग
- आकडे कच्च्या मालाच्या वजनावरून काढलेले, अंदाजे आहेत.

कॅलरी जवळच्या पाचावर आणि बाकी पूर्ण ग्रॅमवर आणायचं. '७६७.२' असं छापलं तर ते प्रयोगशाळेतून आल्यासारखं वाटतं, आणि तसं ते नाही. पूर्ण डब्याची ओळ मूळ दशांशांच्या बेरजेवरून लिहायची. पूर्णांक केलेल्या ओळी कोणी बेरीज करून पाहिल्या तर एक-दोन ग्रॅम कमी-जास्त येतील, ते चालतं.

'यात आहे' ही ओळ मला आकड्यांइतकीच मोलाची वाटते. ज्यांना शेंगदाणे किंवा गहू चालत नाही त्यांच्यासाठी ती पहिली ओळ आहे. हिंग मुद्दाम लिहिते, कारण बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. गहू वर्ज्य असलेल्या माणसाला तुम्ही पोळीऐवजी भाकरी द्याल आणि वरणातल्या हिंगातून गहू जाईल. तुमच्या हिंगाच्या डबीवरचे घटक एकदा वाचून घ्या.

कार्डावर 'मधुमेहींसाठी उत्तम', 'वजन घटवणारा', 'हाय प्रोटीन' असलं काही लिहू नका. असे दावे कधी करता येतात याचे २०१८ चे वेगळे नियम आहेत, आणि त्यांच्या पलीकडे साधी गोष्ट अशी की समोरच्याच्या तब्येतीबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं. आपण आकडे द्यावेत, निर्णय त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला मी फोन करून सांगते की हे आकडे अंदाजे आहेत, मात्रा बदलायची तर डॉक्टरांना विचारा आणि पहिले काही दिवस जेवणानंतरची साखर तपासून बघा.

कायद्याचं विचाराल तर मेनूवर कॅलरी दाखवायची सक्ती अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत आहे, पण ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना. घरगुती डब्याला ती नाही. घरून डबे द्यायला प्राधिकरणाची नोंदणी मात्र लागतेच, आणि तो क्रमांक मी कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात छापते.

कार्ड जुनं कधी होतं

प्रत्येक पदार्थ तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा आणि सरासरीचं कार्ड करा. तीन आकड्यांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर सरासरी काढू नका, आधी कारण शोधा. माझ्या बटाट्याच्या भाजीत हे अंतर वीस टक्क्यांच्या वर गेलं होतं. शोधलं तर एक दिवस भाजी नॉनस्टिक कढईत झाली होती आणि दोन दिवस लोखंडी कढईत, जिथे तळाला लागू नये म्हणून हात नकळत जास्त तेल ओततो. तेव्हापासून ती भाजी एकाच कढईत होते, आणि फोडणीचं तेल बरणीतून न ओतता आधी वाटीत तोलून घेतलं जातं.

एकदा कार्ड तयार झालं की रोज मोजावं लागत नाही. पण चार वेळा नव्याने मोजा: पोळ्या करणारी व्यक्ती बदलली की, तांदूळ किंवा कणीक बदलली की, डब्याचे कप्पे बदलले की, आणि कृती बदलली की. श्रावणात कांदा-लसूण नसलेली उसळ केली, चव राखायला खोबरं वाढवलं, तर ते वेगळं कार्ड. मी प्रत्येक कार्डाच्या मागे मोजल्याचा महिना पेन्सिलीने लिहिते. काकूंकडचं भाताचं कार्ड आजवर चार वेळा बदललं आहे, आणि नवीन कार्ड गेलं की जुनं त्या डब्यातून परत पाठवतात.